कच्च्या यादीतून पक्क्या यादीत

घरातल्या वायरिंगसाठी लागणाऱ्या तारेच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा तांब्याचा असतो, आणि तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात डॉलरमध्ये ठरतो. तिथला भाव हलला किंवा डॉलरपुढे रुपया घसरला, की तार बनवणाऱ्या कंपन्या नवे भावपत्रक काढतात. मे २०२४ मध्ये तांब्याने टनाला ११,००० डॉलरची पातळी ओलांडली होती. अशा तेजीत एक पत्रक नीट लागू होण्याआधीच दुसरे येऊन पडते. ही पत्रके आता छापील पुस्तिकेच्या रूपात क्वचितच येतात. ती ईमेलला जोडलेली एक्सेल किंवा पीडीएफ फाइल म्हणून येतात, आणि त्यांतले शेकडो आकडे घाऊक विक्रेत्याच्या संगणकावरच्या मालसूचीत, म्हणजे बिलिंगवाले ज्याला ‘आयटम मास्टर’ म्हणतात त्यात, उतरवावे लागतात.

हे काम हाताने करायचे तर एक कर्मचारी डावीकडे पत्रक आणि उजवीकडे बिलिंगचा प्रोग्राम उघडून दिवसभर बसतो. तेच काम संगणकाकडून करून घेणे अवघड नाही. मेलमधून फाइल काढून तिच्यातले आकडे वाचणारे प्रोग्राम अनेक आहेत. पण वाचलेला आकडा थेट मालसूचीत गेला, तर चूकही तितक्याच वेगाने जाते आणि पुढच्याच बिलात उतरते. म्हणून मध्ये एक थांबा ठेवतात. जुन्या पेढ्यांत कच्च्या वहीतली नोंद तपासल्याशिवाय पक्क्या वहीत चढत नसे, तसेच इथेही वाचलेले सगळे बदल आधी एका कच्च्या यादीत जमा होतात, माणूस ते पाहतो आणि त्याने मान्य केलेलेच बदल मालसूचीत जातात. या व्यवस्थेचे यश फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामपेक्षा त्या थांब्यावर माणसासमोर काय मांडले जाते यावर जास्त अवलंबून असते.

पहिला प्रश्न कोणता मेल घ्यायचा हा. भावपत्रकांसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवणे सगळ्यांत सोयीचे. कंपनीचा सेल्समन पत्रक कधी स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवतो, कधी व्हॉट्सअॅपवर टाकतो. अशा वेळी कार्यालयातला कुणीतरी ते या पत्त्यावर पुढे पाठवतो. प्रोग्रामकडे मान्य प्रेषकांची यादी असते. यादीबाहेरच्या पत्त्यावरून आलेली फाइल फेकून द्यायची नसते, बाजूला ठेवायची असते, कारण पुरवठादाराने पत्ता बदलणे ही रोजचीच गोष्ट आहे. प्रेषकाचे नाव बनावटही असू शकते, त्यामुळे केवळ ते ओळखीचे दिसते म्हणून कच्च्या यादीचा टप्पा कुणालाही माफ करू नये. त्याच मेलमध्ये ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशी ओळ असेल, तर तिचा या प्रोग्रामशी काही संबंध असता कामा नये. ती बाब पुरवठादाराला जुन्या नंबरवर फोन करूनच मिटवायची.

आलेला मेल घेतला की नाही हे ओळखण्यासाठी बरेच जण मेल ‘वाचलेला’ आहे की ‘न वाचलेला’ ही खूण धरतात. इथे हमखास घोटाळा होतो. मालकाने दुपारी मोबाइलवर तो मेल नुसता उघडला तरी तो ‘वाचलेला’ ठरतो, प्रोग्राम त्याला वगळतो आणि नवे भाव लागूच होत नाहीत. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक मेलच्या शीर्षभागात असलेला त्याचा स्वतंत्र क्रमांक, `Message-ID`, आपल्याकडे नोंदवून ठेवणे. जो क्रमांक नोंदीत नाही तो मेल नवा, मग तो कुणी उघडलेला असो वा नसो.

ईमेलला फाइल जोडण्याची आजची पद्धत १९९२ सालच्या ‘माइम’ या मानकातून आली. त्यानुसार मेलचे अनेक भाग पडतात, आणि प्रत्येक भागावर तो काय आहे याची चिठ्ठी असते:

```
Content-Disposition: attachment;
  filename="Price List New Final (2).xlsx"
```

प्रोग्राम या चिठ्ठ्या पाहून फाइल उचलतो. कंपनीचे बोधचिन्ह, सहीखालची चित्रे हेही असेच वेगळे भाग असतात. ते गाळावे लागतात. फाइलच्या नावावर मात्र विसंबता येत नाही. ‘न्यू’, ‘फायनल’ आणि ‘रिवाइज्ड’ ही विशेषणे पुरवठादारांच्या कार्यालयांत फार उदारपणे वापरली जातात. कोणते पत्रक ताजे हे फाइलमधल्या ‘डब्ल्यू. ई. एफ.’ तारखेवरून, म्हणजे भाव कधीपासून लागू याच्या तारखेवरून ठरते. तीच फाइल दोनदा आली आहे का हे कळण्यासाठी तिच्या बाइट्सवरून गणिताने एक ठसा काढून ठेवतात. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. मूळ फाइल जशी आली तशी जपून ठेवणेही आवश्यक असते, कारण पुढे वाद झाला तर ‘तुमच्या पत्रकात हेच लिहिले होते’ असे दाखवावे लागते.

आता वाचन. एक्सेलची फाइल सर्वांत सोपी वाटते, पण ती माणसाच्या डोळ्यांसाठी सजवलेली असते. वरच्या सहा-सात ओळी कंपनीचे नाव, पत्ता आणि शुभेच्छांनी भरलेल्या असतात. खरे मथळे त्याखाली सुरू होतात. ‘१.५ चौरस मिमी’ हे शब्द पाच ओळींच्या जोडलेल्या खणात एकदाच लिहिलेले असतात. प्रोग्रामला ते फक्त पहिल्या ओळीत दिसतात आणि उरलेल्या चार ओळी बिनमापाच्या वाटतात. ते माप खाली भरत न्यावे लागते. किंमत ‘२,५६८/-’ अशी लिहिलेली असली तर स्वल्पविराम, तिरकी रेघ आणि आडवी रेघ काढल्यावरच आकडा उरतो. काही ठिकाणी आकड्याऐवजी ‘विचारणा करावी’ असे असते. इथला नियम कडक हवा: न वाचता आलेली किंमत ही शून्य किंमत नव्हे. ती ओळ तशीच अनिर्णित म्हणून कच्च्या यादीत जायला हवी.

एक्सेलचा दुसरा खोडसाळपणा कोडच्या बाबतीत दिसतो. पुरवठादाराच्या कार्यालयात कुणी यादी साध्या मजकुराच्या फाइलमधून एक्सेलमध्ये उघडली, की `00715` या कोडचे पुढचे शून्य गळून `715` उरते, `10-06` या कोडची तारीख होते, आणि `12E5` हा कोड बारा लाख ही संख्या बनतो. पाठवणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. घेणाऱ्याला याचा सुगावा एकाच प्रकारे लागतो: काल सापडणारा कोड आज सापडत नाही. म्हणून ‘न सापडलेले कोड’ लगेच ‘नवा माल’ म्हणून मालसूचीत चढवू नयेत; नाहीतर एकाच स्विचच्या दोन नोंदी तयार होतात आणि साठा दोन्हींत विभागला जातो.

पीडीएफचे दुखणे वेगळे आहे. तिच्यात तक्ता असा नसतोच. हे अक्षर पानावर इथे, ते अक्षर तिथे, एवढीच माहिती असते. ओळी आणि रकाने प्रोग्रामला अंतरांवरून ओळखावे लागतात. मालाचे वर्णन लांबून दुसऱ्या ओळीवर गेले, की बिनकिमतीची एक भुताटकी ओळ जन्माला येते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली मराठी पत्रकेही कधीकधी येतात. डोळ्यांना ती स्वच्छ मराठी दिसतात, पण आतून काढलेला मजकूर रोमन अक्षरांचा काला असतो. आकडे अशा फाइलमधून बहुधा नीट मिळतात, नावे बिघडतात. कागद स्कॅन करून पाठवलेला असेल, तर चित्रातून अक्षरे ओळखण्याची पायरी वाढते. तीत ३ चा ८ होतो आणि दशांशचिन्ह नाहीसे होऊन २,५६८.०० चे २,५६,८०० होतात. दशांश हरवला की किंमत शंभरपट दिसते आणि पकडली जाते. ३ चा ८ झाला की फरक लहान असतो आणि निसटतो. अशा पत्रकांत करविरहित आणि करासहित असे दोन्ही भाव छापलेले असले, तर एकावरून दुसरा काढून पडताळा घेता येतो. तो जुळत नाही त्या ओळी वेगळ्या काढायच्या. एकच भाव असेल, तर स्कॅन केलेल्या पत्रकाची प्रत्येक ओळ माणसाने मूळ चित्राशी ताडून पाहण्याला पर्याय नाही, आणि पुरवठादाराकडे एक्सेल मागून घेणे हा जास्त शहाणपणाचा उपाय.

वाचून झालेल्या ओळी आपल्या मालसूचीतल्या नोंदींशी जोडताना आधार घ्यायचा तो पुरवठादाराच्या कोडचा. प्रत्येक पुरवठादाराचा कोड आणि आपला कोड यांची जोडणी-यादी एकदा मेहनतीने तयार करावी लागते. नावावरून जुळणी सुचवता येते, करता येत नाही. ‘६ अँपियर एकमार्गी स्विच, पांढरा’ आणि ‘६ अँपियर दुमार्गी स्विच, पांढरा’ या नावांत अक्षरांचा फरक नगण्य आहे, पण माल वेगळा आहे. जोडणी-यादीत कोडाबरोबर आणखी दोन गोष्टी लिहून ठेवणे भाग असते: पुरवठादार भाव कशाला देतो, कॉइलला, मीटरला, नगाला की पेटीला, आणि आपण कशाने विकतो.

इथून पुढचे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे. समजा, तालुक्याच्या गावी विद्युत सामानाचा एक घाऊक विक्रेता आहे. एका कंपनीचे ३३५ आयटम त्याच्या मालसूचीत आहेत. महिनाअखेरीस कंपनीचा मेल येतो, सोबत ३४० ओळींची एक्सेल फाइल. या व्यापारात पत्रकात छापतात ती यादी-किंमत, ज्याला सगळे ‘एलपी’ म्हणतात. विक्रेत्याला प्रत्यक्षात लागू होतो तो एलपीतून ठरलेला डिस्काउंट वजा करून आलेला नेट भाव, आणि त्यावर जीएसटी वेगळा. दीड चौरस मिमी तारेच्या ९० मीटरच्या कॉइलची जुनी एलपी २,४०० रुपये आणि डिस्काउंट ३२ टक्के, म्हणजे नेट १,६३२ रुपये. नव्या पत्रकात एलपी २,५६८ रुपये आहे, सात टक्के वाढ. प्रोग्राम नेट भाव काढतो १,७४६.२४ रुपये.

३४० ओळींपैकी ३१२ कोडावरून जुळतात. २८ जुळत नाहीत. जुळलेल्यांपैकी २६२ ओळींत सहा ते आठ टक्के वाढ आहे, २४ ओळींत काहीच बदल नाही, १४ ओळींत भाव ९८.८ टक्क्यांनी घसरलेला दिसतो, ८ ओळींत बरोबर २० टक्के वाढ आहे आणि चार ओळी किरकोळ उतरल्या आहेत.

९८.८ टक्के घसरण पाहिल्यावर कुणीही थबकेल. चार चौरस मिमी तारेची जुनी एलपी ६,३०० रुपये होती, नवी ७४.९० रुपये आहे. आकडा चुकलेला नाही. कंपनीने जाड तारांचा भाव या वेळी मीटरला दिला आहे. ७४.९० ला ९० ने गुणले की ६,७४१ रुपये येतात, आणि ते जुन्या भावापेक्षा नेमके सात टक्क्यांनी जास्त आहेत. चौदाही ओळी जाड तारांच्याच असल्यामुळे हा निर्णय एकदाच घ्यायचा आहे: या ओळींचे एकक मीटर.

२० टक्के वाढीच्या आठ ओळी जास्त फसव्या आहेत, कारण तेवढी वाढ अशक्य वाटत नाही. सॉकेटच्या पेटीचा भाव १,१५० वरून १,३८० रुपये झालेला दिसतो. वर्णनाच्या रकान्यात पाहिले तर पेटी दहाऐवजी बारा नगांची झाली आहे. आधीही नग ११५ रुपयांना होता, आताही ११५ लाच आहे. भाव जराही वाढलेला नाही. बदलायचा आहे तो पेटीतल्या नगांचा आकडा. हे न पाहता मान्यता दिली असती, तर नग १३८ रुपयांचा समजून विकायला काढला गेला असता आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले असते.

अशा ठिकाणी टक्केवारीची बेरीज-वजाबाकी नव्हे, तिचा नेमकेपणा बोलतो. बाजारातली खरी वाढ ओळीगणिक थोडी वेगळी असते. सगळ्या ओळी एकाच आकड्याने हललेल्या असतील, तर त्यामागे बहुधा काहीतरी यांत्रिक कारण असते. सगळीकडे बरोबर १८ टक्के वाढ दिसली, तर पत्रकात या वेळी जीएसटी धरून भाव दिला आहे असे समजावे. खरी वाढ सात टक्के असून करही धरला असेल, तर फरक २६.२६ टक्के दिसतो. उलट, सगळीकडे शून्य बदल दिसला तरी थांबून पाहावे: अनेक पत्रकांत जुना आणि नवा भाव शेजारी-शेजारी असतात, आणि मथळ्याचा शब्द थोडा बदलला तर प्रोग्राम जुन्याच रकान्यातून आकडे उचलतो. कर बदलतो तेव्हाही असेच एकसारखे आकडे दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच असताना करासहित किंमत त्या दिवशी सुमारे ७.८ टक्क्यांनी उतरली. ज्यांनी मालसूचीत करासहित एकच आकडा ठेवला होता त्यांना प्रत्येक आयटम बदलावा लागला. ज्यांनी मूळ भाव आणि कराचा दर वेगळे ठेवले होते त्यांचे काम दर बदलून भागले.

या उदाहरणातली सर्वांत महागडी गोष्ट मात्र फाइलमध्ये नाहीच. मेलच्या मजकुरात, शुभेच्छांच्या वर, एक ओळ आहे: तारांवरचा डिस्काउंट एक तारखेपासून ३२ ऐवजी ३० टक्के. अटॅचमेंट वाचणाऱ्या प्रोग्रामने ती पाहिलेली नाही. २,५६८ तून ३० टक्के वजा केले की नेट भाव १,७९७.६० रुपये येतो. म्हणजे वाढ सात टक्के नसून दहा टक्क्यांहून थोडी जास्त आहे. विक्रेता नेट भावावर पाच टक्के नफा धरत असेल, तर प्रोग्रामच्या १,७४६.२४ या आकड्यावरून तो कॉइल १,८३३.५५ रुपयांना विकेल आणि प्रत्यक्षात त्याच्या हाती ३५.९५ रुपये, म्हणजे जेमतेम दोन टक्के राहतील. यात कुठलाही आकडा विचित्र दिसत नाही, कुठलीही धोक्याची खूण पेटत नाही. म्हणूनच तपासणीच्या पडद्यावर सर्वांत वर मेलचा मजकूर जसाच्या तसा दिसायला हवा आणि त्याखाली ‘डिस्काउंट पूर्वीचाच आहे का?’ हा प्रश्न उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशा रीतीने असावा.

पडद्यावर ३४० ओळी आणि प्रत्येकीसमोर मान्य करण्याची चौकट, अशी मांडणी सगळ्यांत आधी सुचते आणि सगळ्यांत लवकर निकामी होते. पहिल्या वीस ओळी माणूस मनापासून पाहतो, पुढच्या पन्नास भरभर, आणि मग ‘सर्व निवडा’ दाबतो. अशी तपासणी नसलेली बरी, कारण ती झाली असा समज तरी होत नाही. त्याऐवजी ओळींचे गट पाडून गटागणिक निर्णय मागावा. आपल्या उदाहरणात ३४० ओळींचे असे सात-आठ निर्णय होतात. सहा ते आठ टक्के वाढलेल्या २६२ ओळी एका गटात येतात. तपासणारा त्यांतल्या पाच-सहा ओळी मूळ फाइलमधल्या जागेसह उघडून पाहतो आणि गट मान्य करतो. एककाच्या १४ ओळी एका निर्णयाने सुटतात, पेटीच्या ८ दुसऱ्या. भाव उतरलेल्या चार ओळी एकेक करून पाहतो, कारण चार पाहणे शक्य आहे.

न जुळलेल्या २८ ओळींत नऊ कोड एक्सेलने बिघडवलेले निघतात. ते दुरुस्त करून जोडणी-यादीत बिघडलेले रूपही लिहून ठेवले, की पुढच्या वेळी ते आपोआप ओळखले जाते. उरलेले १९ खरोखरच नवे आयटम आहेत. नवा आयटम चढवताना भावापलीकडे एचएसएन कोड, कराचा दर, एकक आणि विक्रीचा गट हेही भरावे लागते, म्हणून त्यांना भावबदलाच्या वाटेने जाऊच देऊ नये. त्यांची वेगळी यादी करून सवडीने भरावी.

आता दुसऱ्या बाजूने पाहायचे. मालसूचीत या कंपनीचे ३३५ आयटम होते. पत्रकात त्यांपैकी ३१२ आणि ९ मिळून ३२१ आले. उरलेले १४ पत्रकात नाहीत. याचा अर्थ ते बंद झाले असा होतोच असे नाही. पत्रक फक्त तारा आणि स्विचचे असेल, पंख्यांचे वेगळे येणार असेल, किंवा वर्कबुकच्या दुसऱ्या पानावर ते असतील आणि प्रोग्रामने पहिलेच पान वाचले असेल. पत्रकात नाही म्हणून आयटम आपोआप बंद करणारी व्यवस्था एखाद्या दिवशी अर्धी मालसूची रिकामी करते. इथे हातात घ्यायचा तो फोन.

किती टक्के बदल झाला की ओळ वेगळी काढायची, याला एक आकडा सगळीकडे चालत नाही. तेजीत तारेचा भाव आठ टक्क्यांनी वाढणे सहज आहे. प्लास्टिकच्या स्विचचा तेवढा वाढला तर विचारले पाहिजे. म्हणून मर्यादा मालाच्या प्रकारानुसार ठेवावी, आणि वर्षभरात त्या प्रकारात प्रत्यक्ष किती बदल झाले हे पाहून ती ठरवावी. मर्यादा फार घट्ट ठेवली, की दर वेळी दोनशे ओळी लाल दिसतात आणि लाल रंगाचा अर्थ जातो.

मान्यता कुणी द्यायची हाही लहान प्रश्न नाही. आकडे बिलिंगवाल्याला कळतात, पण पेटी बाराची झाली हे गोदामातल्या माणसाला कळते, आणि डिस्काउंट कमी झाल्याचे खरेदी पाहणाऱ्याला. लहान पेढीत ही तिन्ही कामे एकच व्यक्ती करते आणि मग प्रश्न उरत नाही. मोठ्या ठिकाणी फाइल चढवणारा आणि मान्यता देणारा वेगळे असणे बरे, आणि कोणत्या ओळीला कुणी, केव्हा मान्यता दिली याची नोंद राहायलाच हवी.

मान्यता मिळाली की बदल लागू करायचे, पण लगेच नाही. पत्रक २६ तारखेला आले आणि भाव एक तारखेपासून असले, तर मालसूचीत नवा भाव जुन्याच्या जागी न लिहिता त्याच्या खाली, लागू होण्याच्या तारखेसह लिहावा लागतो. एक तारखेच्या सकाळपर्यंत बिले जुन्याच भावाने निघतात. या मधल्या चार-पाच दिवसांत कुणी एखाद्या आयटमचा भाव हाताने बदलू शकतो. म्हणून लागू करताना प्रोग्रामने पुन्हा एकदा पाहायचे असते: तपासणीच्या वेळी जो जुना भाव दाखवला होता तोच अजून मालसूचीत आहे का? नसेल, तर ती ओळ थांबवून परत माणसाकडे पाठवायची. सगळे बदल एकत्रच लागू व्हावेत, अर्धे नाहीत. वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर मालसूची आधी होती तशी राहावी. बिलिंगचा प्रोग्राम ही सोय देत नसेल, तर आधी मालसूचीची प्रत काढून ठेवून मगच काम सुरू करावे.

खरेदीभाव बदलला म्हणून विक्रीभावही आपोआप बदलू द्यावा का, याबाबत व्यापाऱ्यांची मते वेगवेगळी असतात. एक मर्यादा मात्र कायद्याचीच आहे. किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर छापलेली एमआरपी सर्व करांसहितची कमाल किंमत असते आणि तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. वेष्टित वस्तूंबाबतचे २०११ चे वैधमापन नियम तसे सांगतात. गोदामात जुन्या एमआरपीचा माल असताना नव्या खरेदीभावावरून काढलेला विक्रीभाव तिच्या वर जाऊ शकतो. मालसूचीत एमआरपी साठ्याच्या तुकडीनुसार नोंदलेली असेल तर प्रोग्राम हे पकडू शकतो. प्रत्येक आयटमला एकच एमआरपी असेल तर नाही, आणि मग जुना साठा संपेपर्यंत विक्रीभाव हातानेच सांभाळावा लागतो. जे ग्राहक, विशेषतः ठेकेदार, आधीच लेखी दर घेऊन गेले आहेत त्यांचे दरही नव्या भावाने हलू नयेत. ते त्यांच्या त्यांच्या कोटेशनमध्ये गोठवलेले असावेत.

एवढे करूनही चूक शिरतेच. ती सापडल्यावर त्या पत्रकातून आलेले बदल एका झटक्यात मागे घेता यावेत, यासाठी प्रत्येक बदलाजवळ जुना भाव, नवा भाव आणि तो कोणत्या मेलमधून, फाइलच्या कोणत्या ओळीतून आला हे लिहिलेले असते. मालसूची अशी पाच मिनिटांत पूर्ववत होते. मधल्या काळात निघालेली बिले मात्र होत नाहीत. ज्या ग्राहकाकडून जास्त आकारणी झाली त्याला क्रेडिट नोट आणि ज्याच्याकडून कमी झाली त्याला डेबिट नोट, अशी जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार दुरुस्ती करावी लागते. कोणती बिले दुरुस्त करायची हे शोधण्यासाठीही त्याच नोंदी उपयोगी पडतात: चुकीचा भाव ज्या क्षणी लागू झाला आणि ज्या क्षणी मागे घेतला, त्या दोन वेळांच्या मधली त्या आयटमची सगळी बिले.